उर्दूचं, उर्दूतून का उर्दूत? भाषांतर मागताना कोणती भाषा लिहायची

गोदाकाठ, परभणी
एकाने ग्रुपवर जुन्या मुंतखबीचा, म्हणजे निजामकाळातल्या इनामाच्या कागदाचा, फोटो टाकला आणि खाली एवढंच, "याचं भाषांतर करून द्या, अर्जंट". कागद उर्दू, मागणी मराठीत, म्हणून आमच्या एका सरांनी रात्री जागून मराठी करून दिलं. सकाळी म्हणतो, मला इंग्रजी पाहिजे होतं, खंडपीठात लावायचंय. सरांची मेहनत वाया गेली याचं लई वाईट वाटलं. लांबण न लावता हे कसं मागावं?

नांदेडची मीनाताई
सोपंय की, "उर्दू भाषांतर पाहिजे" लिहायचं.

जुना मास्तर
ताई, उलटं होईल बगा. मराठी भाषांतर म्हणजे मराठीत केलेलं, तसं उर्दू भाषांतर म्हटलं की समोरचा समजणार उर्दूत करून पाहिजे. "उर्दूचं" लिहिलं तर मूळ भाषा कळते पण न्यायचं कुठं ते राहतंच. आपल्याकडं तून आणि त हे दोन प्रत्यय आहेत, "उर्दूतून इंग्रजीत", झालं काम. फोटो सोबत असेल तर "उर्दूतून" गाळलं तरी चालतंय, वाचणाऱ्याला दिसतंच की, पण "इंग्रजीत" गाळू नका, ते फक्त मागणाऱ्यालाच माहीत असतं. मी तर "भाषांतर" शब्दही गाळतो, "याचं इंग्रजी करून द्या" एवढं पुरतं.

लातूरकर
माझ्याकडं आजोबांचे मोडी कागद आहेत, मग मी "मोडीतून मराठीत भाषांतर" लिहू का?

जुना मास्तर
नाही हो, मोडी ही लिपी, कागद बहुतेक मराठीतच असतील. "मोडीचं देवनागरी करून द्या" म्हणा. मोडी वाचणारा माणूस वेगळा, भाषांतर करणारा वेगळा, चुकीचा शब्द लिहिला की चुकीच्या माणसाकडं जाताव.

वकिलीण बाई
भाषेसोबत कशासाठी तेही टाका, एकाच शब्दात. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालतं, खंडपीठात इंग्रजी लागतं. "खंडपीठासाठी" वाचलं की करणारा सावध होतो, खिदमतमाश, म्हणजे सेवेसाठी दिलेली इनाम जमीन, असला शब्द तसाच ठेवून शेजारी अर्थ देतो, स्वतःच्या मनाने नुसतं "गिफ्ट लँड" करत नाही. सालाचंही तेच, कागदावर निजामकाळचं महसुली साल, फसली 1344, असेल तर ते 1344 च राहू द्यायचं आणि पुढं 1934-35 लिहायचं. फसलीत 590 मिळवले की ते वर्ष सुरू झालं तो इसवी सन निघतो, पण फसली वर्ष ऑक्टोबरच्या आसपास बदलायचं म्हणून महिना बघूनच कोणतं साल ते ठरतं.

गोदाकाठ, परभणी
मग असं लिहायला सांगतो त्याला, "मुंतखबीचं इंग्रजी करून द्या, खंडपीठासाठी".

नांदेडची मीनाताई
ग्रुपवर ठीकय, पण ऑफिसच्या अर्जात "इंग्रजी करून द्या" मला तर बरं वाटत नाही, तिथं "इंग्रजीत भाषांतर" पाहिजेच.

जुना मास्तर
का पण? कळतं की सगळ्यांना. मी तर अर्जातही तेच लिहीन.