शब्दचर्चा: ‘दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही’ याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

रत्नागिरी_एलएलबी
सराव प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न आहे. विधानपरिषद असलेल्या राज्यात राज्यपाल अध्यादेश केव्हा काढू शकतात? पर्याय असे:

(अ) दोन्ही सभागृहे बंद असतील तेव्हाच
(ब) दोहोंपैकी एक जरी सत्रात नसले तरी
(क) विधानसभा बंद असेल तेव्हाच, परिषदेचे काही का असेना
(ड) राज्यपालांना स्वविवेकाने योग्य वाटेल तेव्हा

मी (अ) लिहिले. उत्तरसूचीत (ब) आहे. पण आपल्या राज्याचा कुठलाही अध्यादेश काढून बघा, सुरुवातीलाच ‘ज्याअर्थी, राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही’ असे असते. ‘दोन्ही चालू नाही’ म्हणजे मराठीत एकही चालू नाही, असेच ना? मग सूची चुकली की मी?

सावंतवाडी_बार
सूची बरोबर आहे, आणि तुमचे मराठीही बरोबर आहे. घोळ ‘नाही’ कुठे बसतो याचा आहे.

अनुच्छेद 213 ची रचना अपवादाची आहे. जिथे परिषद आहे तिथे, दोन्ही सभागृहे सत्रात असतील तो काळ सोडून एरवी केव्हाही अध्यादेश काढता येतो, असे ते कलम म्हणते. म्हणजे अडसर एकाच स्थितीत आहे: दोन्ही चालू. एक चालू आणि एक बंद असेल तर तो अडसर उरत नाही. आता हेच वाक्य उलटवून ‘दोन्ही चालू नसताना’ असे लिहिले की मराठी वाचक ‘एकही नाही’ असे वाचतो, कारण आपल्याकडे ‘दोन्ही’ला नकार जोडला की तो दोघांनाही लागतो. ‘दोन्ही भाऊ आले नाहीत’ म्हटल्यावर एक आला असेल असे कुणी समजत नाही.

यामागचे कारणही साधे आहे. विधेयक पास व्हायला दोन्ही सभागृहे लागतात. एक जरी बंद असले तरी कायदा करण्याचा नेहमीचा रस्ता बंदच.

अध्यादेशातल्या त्या ‘ज्याअर्थी’त खोटे काहीच नाही. प्रत्यक्षात आपल्याकडे दोन्ही सभागृहे बहुधा बरोबरच बोलावतात आणि बरोबरच संपवतात, म्हणून ते वाक्य त्या दिवसाची वस्तुस्थिती सांगते. अधिकाराची किमान अट सांगत नाही. तुम्ही वस्तुस्थितीवरून अट काढलीत.

पेडणे_पल्याड
आमच्या गोव्यात ही भानगडच नाही. परिषद नाही, एकच विधानसभा. ती सत्रात असेल तर अध्यादेश नाही, नसेल तर काढता येतो. हा प्रश्न महाराष्ट्रापुरताच म्हणा ना.

सावंतवाडी_बार
परिषद असलेल्या सगळ्याच राज्यांपुरता. म्हणून तर प्रश्नात ते पहिले शब्द टाकलेत. ते गाळले असते तर गोव्यासाठी (क) बरोबर ठरला असता. महाराष्ट्रासाठी (क) अर्धाच खरा. विधानसभा बंद आणि परिषद चालू असेल तर अध्यादेश निघतो, पण त्याच्या उलट स्थितीतही निघतो. त्यातला ‘तेव्हाच’ त्याला बुडवतो.

मालवणचो
माका एक सांगा. दरवर्षी पावसाळी मासेमारी बंदीचो अध्यादेश येता, 1 जून ते 31 जुलै. त्या दिवसांत मुंबैक पावसाळी अधिवेशन चालू आसता. मगे तो अध्यादेश बेकायदेशीर म्हणूचो काय? आमच्याकडे होडी आसा, म्हणान इचारतंय.

देवगड_निवृत्त (मंत्रालय)
बंदीचा कागद हा अध्यादेश नसतोच हो. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने शासनाला असे आदेश काढण्याचा अधिकार आधीच दिलेला आहे, त्याखाली निघालेला तो आदेश. त्याला अधिवेशन चालू आहे की बंद, याच्याशी काही देणेघेणे नाही. जीआरला, अधिसूचनेला, जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाला, सगळ्यालाच लोक सर्रास ‘अध्यादेश’ म्हणतात. बातमीदारही म्हणतात.

कागद हातात आला की तीन गोष्टी बघा. वर ‘महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक’ आणि सन आहे का. मजकुरात अनुच्छेद 213 च्या खंड (1) चा उल्लेख करून राज्यपाल तो ‘प्रख्यापित’ करीत आहेत का. आणि शेवटी ‘निवेदन’ आहे का, ज्यात घाई कशासाठी हे सांगितलेले असते. कक्ष अधिकारी किंवा उपसचिवांच्या सहीने ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ एवढेच असेल तर तो शासन निर्णय किंवा आदेश. राज्यपालांचे नाव दिसले की अध्यादेश, असे नव्हे.

त्याच 1981 च्या अधिनियमात 2021 साली दुरुस्ती झाली, ती मात्र खऱ्याखुऱ्या अध्यादेशाने, आणि मागून तिचा अधिनियम झाला. एलईडी, पर्ससीनच्या दंडाची गोष्ट ती.

मालवणचो
तां बरा सांगितल्यात. दंड तेवढो खराच होतो म्हणायचो.

चिपळूण_स्पर्धापरीक्षा
मला वाटते (ड) सुद्धा धरायला हवा. कलमात ‘राज्यपालांची खात्री पटली’ असे आहे, मंत्रिमंडळाची नव्हे. शिवाय 163(2) म्हणते की एखादी बाब स्वविवेकाची आहे की नाही हा वाद उद्भवला तर राज्यपालांचा निर्णय अंतिम. खात्री म्हणजेच स्वविवेक.

सावंतवाडी_बार
163(2) तुम्ही बरोबर वाचलेत, पण ते इथे लागू पडत नाही. जिथे संविधान स्वविवेक देते तिथेच तो आहे. 213 तो देत नाही, ‘खात्री’ एवढेच म्हणते. आणि शमशेर सिंग विरुद्ध पंजाब (1974) मध्ये सात न्यायाधीशांनी सांगितले की जिथे जिथे राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची ‘खात्री’ असा शब्द आहे, तिथे ती त्यांची व्यक्तिगत खात्री नसून मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने झालेली घटनात्मक खात्री आहे. उदाहरणांत 213 चे नाव घेऊन.

म्हणून ‘खात्री’ आणि ‘स्वविवेक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. अध्यादेश काढण्याची घाई खरीच आहे का, हे ठरवते मंत्रिमंडळ. राज्यपाल विचारू शकतात, खुलासा मागू शकतात. 2021 च्या सप्टेंबरात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाच्या अध्यादेशावर राजभवनाने आधी शंका काढली आणि मग सही केली. पुढे डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या आरक्षणाला स्थगिती दिली, ती वेगळ्या कारणाने.

खात्रीची न्यायालयात तपासणी होऊ शकते का? होऊ शकते. 2017 च्या कृष्णकुमार सिंग विरुद्ध बिहार निकालात ते स्पष्ट आहे. मात्र न्यायालय तुमचे कारण पुरेसे होते का हे तोलत बसत नाही. कारण मुळात होते का, की अध्यादेश गैरहेतूने काढला, एवढेच पाहते.

रत्नागिरी_एलएलबी
मग ‘सत्रात नाही’ कधी म्हणायचे? वर्तमानपत्रात ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ आले की दुसऱ्या दिवसापासून अध्यादेशाला रस्ता मोकळा?

देवगड_निवृत्त (मंत्रालय)
नाही. ही चूक परीक्षेत आणि बातम्यांत दोन्हीकडे होते. अध्यक्ष किंवा सभापती बैठक बेमुदत तहकूब करतात तेव्हा सूप वाजते, पण सत्र संपत नाही. सत्र संपते ते राज्यपालांनी 174 खाली ते संस्थगित केल्यावर. संविधानाच्या मराठी प्रतीत याला ‘सत्रसमाप्ती’ म्हणतात, तो शब्द जास्त स्वच्छ आहे. तहकुबी आणि सत्रसमाप्ती यांच्यामधल्या दिवसांत सभागृहात चिटपाखरू नसले तरी कायद्याने ते सत्रातच असते.

हे सगळ्यात चांगले कळते पंजाबच्या 1968 च्या प्रकरणातून. अंदाजपत्रक 31 मार्चच्या आत मंजूर व्हायला हवे होते. 7 मार्चला अध्यक्षांनी गोंधळात विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब करून टाकली. सभागृह रिकामे, पण सत्र चालू, म्हणून अध्यादेश काढता येईना. 11 मार्चला राज्यपालांनी सत्रसमाप्ती केली. 13 मार्चला अध्यादेश काढला की आर्थिक कामकाज उरकेपर्यंत सभागृहाच्या संमतीवाचून तहकुबी करता येणार नाही. आणि विधानमंडळ 18 मार्चला पुन्हा बोलावले. सर्वोच्च न्यायालयाने सत्यपाल डांग प्रकरणात हे सगळे वैध ठरवले.

चिपळूण_स्पर्धापरीक्षा
म्हणजे अध्यादेशासाठी मुद्दाम सत्र संपवले तरी चालते.

देवगड_निवृत्त (मंत्रालय)
‘चालते’ असे सरसकट लिहू नका. तिथे 31 मार्चची मुदत डोक्यावर होती आणि सभागृह आठवड्याभरात परत बोलावले. बहुमत नाही म्हणून सभागृह टाळायला कुणी तसे केले तर हा निकाल आधाराला येईल, असे मला वाटत नाही.

सावंतवाडी_बार
मला त्याबाबत तुमच्याइतकी खात्री नाही, पण असो.

रत्नागिरी_एलएलबी
आणि ‘सहा आठवडे’? दोन सभागृहे वेगवेगळ्या दिवशी बोलावली तर?

सावंतवाडी_बार
नंतरच्या तारखेपासून. समजा विधानसभा 1 जुलैला भरली आणि परिषद 8 जुलैला. 8 जुलैपासून 42 दिवस मोजा, 19 ऑगस्ट. तोवर अधिनियम झाला नाही तर अध्यादेश संपला. त्याआधी नामंजुरीचा ठराव विधानसभेने केला आणि परिषदेने त्याला सहमती दिली, तर तेव्हाच संपतो. एकट्या विधानसभेच्या ठरावाने नाही. इथे पुन्हा तुमचे ‘दोन्ही’ आले, आणि या वेळी ते खरोखरच दोन्ही आहे.

चिपळूण_स्पर्धापरीक्षा
क्लासमध्ये कमाल आयुष्य ‘सहा महिने आणि सहा आठवडे’ सांगतात.

सावंतवाडी_बार
ती वरची मर्यादा. सहा महिने मोजायचे ते आधीच्या सत्राच्या शेवटच्या बैठकीपासून, अध्यादेशाच्या तारखेपासून नव्हे. बैठक मार्चअखेर संपली आणि अध्यादेश जुलैत निघाला तर एवढे आयुष्य त्याला मिळणारच नाही.

पेडणे_पल्याड
मग राज्यपालांच्या स्वविवेकाला 213 मध्ये काहीच जागा नाही?

सावंतवाडी_बार
एका कोपऱ्यात वाद आहे. काही अध्यादेश राष्ट्रपतींच्या अनुदेशांशिवाय काढता येत नाहीत. त्यातला एक प्रकार असा, की त्याच तरतुदींचे विधेयक आले असते तर राज्यपालांना ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे आवश्यक वाटले असते. आता हे ‘वाटणे’ कुणाचे? विधेयक राखून ठेवण्याच्या अनुच्छेद 200 बाबत 2025 मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिलच्या निकालाने आणि नोव्हेंबरच्या मताने वेगवेगळ्या दिशा दाखवल्या. नोव्हेंबरचे मत स्वविवेकाच्या बाजूने आहे. ते 213 च्या परंतुकाला जसेच्या तसे लावायचे का, यावर मी तरी लिहून देणार नाही.

देवगड_निवृत्त (मंत्रालय)
मी लावणार नाही. 200 मध्ये विधेयक विधानमंडळाने पास केलेले असते, 213 मध्ये मंत्रिमंडळच अध्यादेश मागत असते.

रत्नागिरी_एलएलबी
उत्तरपत्रिकेत असे लिहिते: ‘दोन्ही सभागृहे एकाच वेळी सत्रात असतील तो काळ वगळता, मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने.’ चालेल?

सावंतवाडी_बार
चालेल. फक्त ‘तातडीची कार्यवाही आवश्यक आहे अशी खात्री पटल्यास’ जोडा, नाहीतर परीक्षक तेवढ्यावरून गुण कापेल.