मदत हवी आहे: मीडिया प्लॅनमध्ये एकूण रीच 125% कसा? होर्डिंग काढावेत का?

शोरूम_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमसाठी गुढीपाडव्याआधी महिनाभर जाहिरात करायची आहे. शहरातले 18 ते 45 वयाचे लोक हा टार्गेट ग्रुप, आणि एजन्सीने तो 2,50,000 धरला आहे. त्यांच्या शीटवर असं आहे:

रेडिओ: एक एफएम स्टेशन, रोज 12 स्पॉट, 20 दिवस. रीच 30%, जीआरपी 300, खर्च 1,80,000.
होर्डिंग: 8 जागा, 30 दिवस. रीच 55%, जीआरपी 20, खर्च 3,00,000.
फेसबुक-इन्स्टाग्राम: 6 लाख इम्प्रेशन. रीच 40%, जीआरपी 240, खर्च 60,000.
एकूण: रीच 125%, जीआरपी 560, फ्रीक्वेन्सी 4.5.

मालक दोन गोष्टी विचारताहेत. शंभर माणसांतल्या सव्वाशे जणांपर्यंत जाहिरात पोहोचते कशी? आणि होर्डिंगचा एक जीआरपी 15,000 रुपयांना पडतो, रेडिओचा 600 ला, तर होर्डिंग रद्द करून सगळा पैसा रेडिओवर का टाकू नये? परवा एजन्सीबरोबर बैठक आहे.

आकडेमोड
होर्डिंग आत्ताच रद्द करू नका. ती ओळच चुकली आहे, आणि ते शीटवरूनच कळतं.

जीआरपी म्हणजे टार्गेट ग्रुपच्या दर शंभर माणसांमागे जाहिरात एकूण किती वेळा दिसली किंवा ऐकू आली. एकाच माणसाने दहा वेळा ऐकली तर दहा धरायच्या. रीचमध्ये मात्र तो माणूस एकदाच मोजायचा. म्हणून जीआरपीला रीचने भागलं की सरासरी फ्रीक्वेन्सी निघते. रेडिओला 300 भागिले 30, म्हणजे 10 वेळा. डिजिटलला 240 भागिले 40, म्हणजे 6 वेळा. होर्डिंगला 20 भागिले 55, म्हणजे 0.36. ज्याच्यापर्यंत जाहिरात पोहोचली त्याने ती निदान एकदा तरी पाहिलेली असणार, म्हणून हा आकडा 1 च्या खाली जाऊच शकत नाही. जीआरपी रीचपेक्षा कमी दिसला की दोन वेगळ्या मुदतींचे आकडे एका ओळीत आले आहेत, असं समजा.

इथे बहुधा 20 हा एका दिवसाचा जीआरपी आहे आणि 55% हा महिन्याचा रीच. होर्डिंगचे आकडे रोजचे देण्याची पद्धत जुनी आहे, रेडिओचे मात्र पूर्ण मोहिमेचे देतात. एजन्सीला एवढंच विचारा: "होर्डिंगचे 20 किती दिवसांचे?" रोजचे असतील तर महिन्याचे 600 होतात आणि एक जीआरपी 15,000 ऐवजी 500 रुपयांना पडतो.

सातारचा_सख्या
जीआरपी म्हणजे टीव्हीचा टीआरपीच ना? मग एजन्सीकडे बार्कचा रिपोर्ट मागा, सगळं स्पष्ट होईल. आमचं साताऱ्यात तीन दिवसांचं फर्निचर प्रदर्शन आहे, त्यालाही होर्डिंग घ्यावं म्हणतोय. कसं वाटतं?

आकडेमोड
बार्क फक्त टीव्हीचे प्रेक्षक मोजते. रेडिओसाठी टॅम या कंपनीने रॅम ही श्रोत्यांची मोजणी सुरू केली, पण ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता अशा महानगरांपुरती. कोल्हापूरच्या स्पॉटला सरासरी किती श्रोते हा त्यामुळे अंदाजच असतो, आणि तो कशावरून बांधला हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. या शीटमध्ये 240 स्पॉटचे 300 जीआरपी, म्हणजे दर स्पॉटला 1.25%, साधारण 3,125 श्रोते धरले आहेत. सकाळच्या गर्दीच्या वेळेला आणि दुपारी तीनला तोच आकडा लावला असेल तर अंदाज ढोबळ आहे.

तीन दिवसांच्या प्रदर्शनासाठी महिन्याच्या भाड्याचं होर्डिंग परवडत नाही. आधीचे चार-पाच दिवस रेडिओवर दाट स्पॉट घ्या आणि मोबाईलवरची जाहिरात प्रदर्शनाच्या जागेभोवतीच्या भागापुरती ठेवा.

राजारामपुरी_९वी_गल्ली
125% चं उत्तर सोपं आहे की. शहर लहान. स्कूटरवरून जाताना होर्डिंग बघणारा, कानात एफएम लावणारा आणि इन्स्टा चाळणारा माणूस एकच. मग सगळ्यांत मोठा आकडा तोच एकूण रीच, 55%. बाकी सगळी पुनरावृत्ती.

आकडेमोड
अर्धं बरोबर आहे. 55% ही खालची मर्यादा झाली: रेडिओ आणि डिजिटलचा प्रत्येक माणूस होर्डिंगही पाहतो असं मानलं तरच एवढा कमी येईल. पण घरून काम करणारी, शहरात फारशी न फिरणारी, मोबाईलवरच जाहिरात पाहणारी माणसंही आहेतच.

एका माध्यमाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं मानून हिशेब करायचा, तर कोणापर्यंत जाहिरात पोहोचली नाही ते आधी काढायचं. रेडिओने 70% सुटले, होर्डिंगने 45%, डिजिटलने 60%.

```
1 - (0.70 × 0.45 × 0.60) = 0.811
```

म्हणजे 81%. रीचची सरळ बेरीज कधीच करायची नाही. जीआरपीची बेरीज चालते, पण प्रत्येकाचा टार्गेट ग्रुप आणि मुदत एकच असेल तरच.

शोरूम_कोल्हापूर
आत्ताच फोनवर विचारलं. होर्डिंगचे 20 रोजचेच निघाले: आठ जागा मिळून रोज 50,000 वेळा दिसतील असा हिशेब. डिजिटलचं म्हणाले, शहराच्या मध्यावर पिन टाकून 40 किलोमीटरचा घेर ठेवला आहे आणि 1 लाख लोकांपर्यंत जाईल. ते ठीक आहे ना?

माध्यम_मंजिरी
ताई, तिथेच दुसरी गोची आहे. 40 किलोमीटरच्या घेरात इचलकरंजी आणि कागलही येतात, मधली सगळी गावंही. एक लाख लोक त्या सगळ्या पट्ट्यातले, आणि भागलं मात्र शहराच्या अडीच लाखांनी. म्हणून 40% दिसतं. त्यातले निम्मेच शहरातले निघाले तर रीच 20% आणि जीआरपी 120. इचलकरंजीचं गिऱ्हाईक हवं असेल तर तसं ठरवा, पण मग भागायची संख्या तिन्ही माध्यमांना वाढवावी लागेल. नको असेल तर घेर 8-10 किलोमीटर करा आणि वय 18 ते 45 ठेवा. मोहीम चालू झाल्यावर रीच कॅम्पेनच्या ओळीतून वाचा. वेगवेगळ्या अ‍ॅड सेटचे रीच जोडले की तोच माणूस दोनदा येतो.

त्या रोजच्या 50,000 मध्ये नक्की कोण मोजलंय तेही विचारा. महामार्गाकडच्या होर्डिंगसमोरून पुणे-बेंगळुरूची वाहतूक जाते, देवळाजवळच्या होर्डिंगसमोरून अंबाबाईच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची माणसं. दोघंही तुमची स्कूटर घेणार नाहीत. शिवाय वाहनं दोन्ही दिशांची मोजतात आणि होर्डिंगचं तोंड एकाच दिशेला असतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं तिथे उभं राहून फक्त समोरून येणारी वाहनं मोजली तरी फुगवटा लक्षात येतो.

आणि आठपैकी किती जागा एकाच रस्त्यावर आहेत? शिरोली नाक्यापासून कावळा नाक्यापर्यंत चार लावली तर तीच माणसं रोज चारदा पाहतात. जीआरपी वाढतो, रीच जवळपास तिथेच राहतो.

शोरूम_कोल्हापूर
पाच त्याच रस्त्यावर आहेत :( मग नवा हिशेब 300 + 600 + 120 = 1,020 जीआरपी, डिजिटलचे 20% धरून त्याच सूत्राने रीच 75%, फ्रीक्वेन्सी 13.6. बरोबर? 13.6 म्हणजे भरपूर झालं, थोडं कमी केलं तरी चालेल का?

आकडेमोड
गणित बरोबर आहे, पण 13.6 वर निर्णय घेऊ नका. एक तर धावत्या गाडीवरून होर्डिंगकडे गेलेली नजर आणि 30 सेकंदांचा स्पॉट यांचं वजन सारखं नाही. बैठकीत तिन्ही माध्यमांचे आकडे वेगळेच मांडा, बेरीज शेवटी एका ओळीत.

दुसरं, सरासरी फसवी असते. रेडिओचे 75,000 श्रोते सरासरी 10 वेळा ऐकतात. समजा त्यांचे तीन सारखे गट केले. दिवसभर दुकानात रेडिओ लावून बसणारे 22 वेळा ऐकतील, मधले साडेसहा वेळा आणि अधूनमधून ऐकणारे दीड वेळा. सरासरी 10 च येते, पण 25,000 लोकांनी जेमतेम एकदा-दोनदा ऐकलं. तीन किंवा जास्त वेळा ऐकणाऱ्यांचा रीच काढला तर 30% चा 20% होतो. त्याच स्टेशनवर आणखी पैसे टाकले की 22 वाले 35 वर जातील, आणि स्टेशन न ऐकणारे 70% आहेत तिथेच राहतील. सगळा पैसा रेडिओवर का टाकू नये, याचं हेच कारण मालकांना सांगा. बारापैकी पाच स्पॉट दुसऱ्या स्टेशनवर नेऊन रीच किती होतो ते एजन्सीकडून काढून घ्या.

राजारामपुरी_९वी_गल्ली
तीन वेळा हा नियम कुठून आला? माणूस स्कूटर घ्यायच्या बेतात असेल तर एकदा ऐकूनही येईल.

माध्यम_मंजिरी
जाहिरात संशोधक हर्बर्ट क्रुगमन यांनी 1972 मध्ये तीनचा मुद्दा मांडला तो मनाच्या तीन टप्प्यांबद्दल: हे काय आहे, माझ्या कामाचं आहे का, आणि आता आठवण. तीन स्पॉट लावा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पुढे मीडिया प्लॅनर अर्विन एफ्रॉन यांनी तुमच्यासारखीच बाजू धरली: खरेदीच्या जवळ एकदा पोहोचणं महत्त्वाचं. माझ्या मते इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंग, सबसिडी, रेंज असं बरंच समजावून सांगावं लागतं, म्हणून पहिले दोन आठवडे पुनरावृत्ती लागेल. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र फ्रीक्वेन्सीपेक्षा रीच बघा.

आकडेमोड
मी पूर्ण महिना 3+ वरच ठेवेन. महिन्याच्या सुरुवातीला ज्याने एकदाच ऐकलं, तो पाडव्यापर्यंत विसरतो.

राजारामपुरी_९वी_गल्ली
आणि 75% वर माझा आक्षेप कायम आहे. स्कूटरवरून फिरणाराच एफएम ऐकतो, म्हणजे माध्यमं एकमेकांपासून वेगळी नाहीत. खरा आकडा 55 आणि 75 च्या मध्ये कुठेतरी असणार.

आकडेमोड
हे पटलं. लहान शहरात हे सूत्र रीच वाढवूनच दाखवतं. किती वाढवतं ते सर्वेक्षणाशिवाय सांगता येणार नाही.

शोरूम_कोल्हापूर
शोरूममध्ये चौकशीला येणाऱ्यांना "जाहिरात कुठे पाहिली, ऐकली" असं विचारून तिन्ही खुणा करून घेतल्या तर तो आकडा निघेल का? बैठकीत होर्डिंग पाचावर आणून ते वेगवेगळ्या रस्त्यांवर मागणार आहे, घेर 10 किलोमीटर.

माध्यम_मंजिरी
विचारा जरूर, पण त्यावरून शहराचा रीच काढू नका. जे आले तेच मोजले जातील, आणि येणारा माणूस बहुतेक वेळा शेवटची पाहिलेली जाहिरातच सांगतो. दोनशे-तीनशे लोकांना फोन करून विचारणं जास्त बरं, फक्त नंबर शोरूमच्या यादीतले नकोत. ते नंबर आणायचे कुठून, यावर कोणाकडे स्वस्त उपाय असेल तर सांगा.