रिमोट जॉइनरचा पहिला महिना: बडी कुठल्या टाइमझोनचा?

> पहिला आठवडा फक्त डॉक्युमेंट वाचू द्या, कोड दुसऱ्या आठवड्यापासून.

मला नाही पटत. सेटअपची डॉक्युमेंट कुठे जुनी झालीत हे नव्या माणसालाच दिसतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला रीडमी बघत प्रोजेक्ट लोकल मशीनवर चालवायला सांगा आणि जिथे अडेल ती ओळ दुरुस्त करणं हाच त्याचा पहिला पुल रिक्वेस्ट. छोटा असतो, काही मोडत नाही, पण ब्रँच, रिव्ह्यू, मर्ज सगळं एकदा हाताखालून जातं. फक्त अ‍ॅक्सेस आधीच्या आठवड्यात मागून ठेवा, नाहीतर तो नुसता वाट बघत बसतो.

अजून एक, बडी त्याच्याच टाइमझोनचा द्या. आमच्याकडे नागपूरची मुलगी जॉइन झाली आणि बडी कॅलिफोर्नियात, म्हणजे उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, तिने सकाळी विचारलेल्याचं उत्तर रात्री यायचं आणि महिन्यात कामाचे दिवस जेमतेम बावीस, म्हणजे तेवढेच प्रश्न. पुण्यातला बडी दिल्यावर फरक पडला. पुल रिक्वेस्ट दिवसभर रिव्ह्यूविना पडून राहतोय किंवा ती चॅनेलवर न विचारता एकालाच मेसेज करतेय, असं दिसलं की गाडी अडकली समजा.