अनुभव धागा: नॉइज गेट, श्वास, कळफलक आणि तुटलेले शब्द

शाईदौत
जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना २०२० च्या टाळेबंदीत घेतलेल्या माझ्या हिशेबाच्या तासांची ध्वनिमुद्रणे सापडली आणि ती ऐकताना तेव्हाचा सगळा वैताग पुन्हा आठवला. पडद्यावर एक्सेलचे पत्रक, टेबलावर माईक, शेजारी खडखडणारा कळफलक आणि धापा टाकल्यासारखा माझा श्वास, असा तो थाट होता. धाकट्या भावाने ओबीएस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर, लावून दिला. कळा आणि श्वास खरोखरच नाहीसे झाले, परंतु त्यांच्याबरोबर शब्दांची शेपटेही गेली. "किती उरले? साठ." या वाक्यात आता केवळ "सा" ऐकू येते आणि ते सात होते की साठ, हे मूळ पत्रक उघडल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. "देणी आहेत" चे "देणी आहे" झाले आहे, "वीस" चे "वी" झाले आहे. आता नव्या बॅचसाठी तेच तास पुन्हा मुद्रित करायचे आहेत. आपण थ्रेशोल्ड, म्हणजे गेटची ही पातळी, कशी ठरवता, काय बिघडले आणि ते कशावरून कळले, हे कृपया लिहावे.

गच्चीवरचा
यात अवघड काही नाही. बोलण्याचे थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा, मीटर कुठवर चढतो ते पाहावे आणि थ्रेशोल्ड त्याच्या तीन-चार डेसिबेल वर ठेवावा. Attack, म्हणजे गेट उघडायला लागणारा वेळ, शून्यावर आणावा म्हणजे शब्दाची सुरुवात कापली जात नाही. माझे खेळाचे थेट प्रक्षेपण याच मांडणीवर सुरळीत चालते.

डबा_झाला_का
शाईदौतताई, "सा" वरून आठवले. आमच्या कार्यालयातील एक गृहस्थ दूरस्थ बैठकीत "होकार" म्हणाले की सर्वांना "होका" ऐकू येई आणि सगळे जण प्रश्न समजून उत्तर देत बसत. पोळ्या लाटून झाल्यावर सविस्तर लिहिते.

तारवाला
बरीच वर्षे डबिंगच्या खोलीत काढली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गच्चीवरचा यांनी मोजण्यापासून सुरुवात केली ते योग्यच आहे, परंतु त्यांचा एकच आकडा इथे पुरत नाही. ओबीएसच्या गेटला दोन आकडे असतात: `Open Threshold` म्हणजे आवाज ज्या पातळीवर पोहोचला की दार उघडते ती, आणि `Close Threshold` म्हणजे ज्या पातळीखाली गेला की दार लोटायला घेतले जाते ती. मूळ मांडणीत ते अनुक्रमे उणे २६ आणि उणे ३२ डेसिबेल असतात. शब्दाची सुरुवात जोरकस असते, शेवट मंद असतो. त्यामुळे उघडण्याचा आकडा वर आणि मिटण्याचा बराच खाली हवा. दोन्ही जवळजवळ ठेवले की दार फडफडते आणि तुटक, थरथरता आवाज येतो.

आता "साठ" चे नेमके काय होते ते पाहा. "सा" नंतर जीभ टाळूला चिकटते आणि क्षणभर खरोखरच शांतता असते. साधारण सेकंदाचा दहावा भाग धरा. मग जीभ सुटते आणि "ठ" चा लहानसा स्फोट व त्यामागची हवा बाहेर पडते. सात आणि साठ यांतला फरक बराचसा त्या शेवटच्या स्फोटात आणि हवेतच आहे. त्या शांततेत पातळी मिटण्याच्या आकड्याखाली जाते आणि `Hold`, म्हणजे त्यानंतरही दार उघडे राहण्याचा वेळ, जर पन्नास मिलिसेकंद असेल, तर स्फोट होण्याआधीच दार लागायला सुरुवात झालेली असते. "ठ" चा स्फोट उघडण्याच्या आकड्यापर्यंत चढत नाही, म्हणून दार पुन्हा उघडतही नाही. थ्रेशोल्ड कितीही बरोबर असला तरी `Hold` तोकडा असेल, तर हे होणारच. माझा अंदाज असा की आपल्या भावाने श्वास घालवण्यासाठी `Hold` आणि `Release`, म्हणजे दार पूर्ण मिटायला लागणारा वेळ, दोन्ही खाली ओढले असावेत.

Attack शून्यावर नेण्याबाबत मात्र सावध राहावे. दार एका झटक्यात उघडले की स्वतःच "टक्" असा आवाज करते. मूळचे २५ मिलिसेकंद मला किंचित सुस्त वाटतात, पण पाच ते दहाच्या खाली जाण्याची गरज मला सहसा पडत नाही.

शाईदौत
अंदाज अचूक आहे. जुनी मांडणी उघडून पाहिली. `Hold` ५० आणि `Release` ३० निघाले. आज दुपारी गेट बंद करून मोजमाप केले. पंखा उणे ५५ च्या आसपास, श्वास उणे ४५, खोल घेतला की उणे ४२, साध्या कळा उणे ३६, स्पेसबार मात्र उणे ३३ पर्यंत उडी मारतो. बोलणे उणे १८ ते उणे १२. "आहेत" चा शेवटचा "त" उणे ३९ च्या आगेमागे दिसतो. म्हणजे कळा माझ्या "त" पेक्षा मोठ्या आहेत! मग एका रेषेने त्यांना वेगळे करायचे तरी कसे?

मोगरा
मी न्यू जर्सीतून रविवारी लहान मुलांना गाणे शिकवते. माझा तानपुरा सुरू केल्यावर दोन सेकंदांनी गायब होतो आणि मी गायला लागले की पुन्हा उगवतो. मुले म्हणतात, "ताई, तुमचा तानपुरा लाजतो का?" मींड संपवताना शेवटचा स्वरही हवेत विरण्याऐवजी कापला जातो. मी गेटचा थ्रेशोल्ड किती ठेवावा?

तारवाला
मोगराताई, आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याला मंद आणि अखंड आवाज राखायचा आहे, तो घालवण्यासाठी तर गेट बनलेला असतो. शिवाय आपण गेट लावलेलाच नसण्याची शक्यता अधिक आहे. बैठकीच्या ॲपचे स्वतःचे गोंगाट-निवारण तानपुऱ्याला पंखा समजत असावे. झूम वापरत असल्यास तेथील मूळ ध्वनीचा पर्याय, म्हणजे `Original sound for musicians`, सुरू करून पाहावा.

शाईदौतताई, एका रेषेने ते वेगळे होत नाहीत, हे आपल्या मोजमापातच दिसते. उघडण्याचा आकडा स्पेसबारच्या वर, उणे ३० ठेवला, तर नुसत्या टंकनाने दार उघडणार नाही. पण "त" वाचवायला मिटण्याचा आकडा उणे ४१ लागेल, आणि मग वाक्य संपल्यावर लगेच कळा बडवल्या तर प्रत्येक कळ उणे ४१ च्या वर असल्याने उघडलेले दार मिटायला उशीर करील. म्हणून आधी माईक हलवावा, आकड्यांना नंतर हात घालावा. सध्या तोंडापासून किती दूर आहे?

शाईदौत
सुमारे एक फूट, टेबलावरच्या छोट्या स्टँडवर, कळफलकाच्या पलीकडे.

तारवाला
म्हणजे आपल्यापेक्षा कळफलकच माईकच्या जवळ आहे, आणि टेबलातून जाणारे ठोके वेगळेच. माईक टेबलावरून उचलून कडेने येणाऱ्या दांडीवर घ्यावा, तोंडापासून अर्ध्या फुटावर, ओठांच्या थेट समोर नको, थोडा बाजूला. तो एका दिशेने ऐकणारा माईक असेल तर त्याची पाठ कळफलकाकडे करावी. अंतर निम्मे झाले की आपला आवाज ढोबळमानाने सहा डेसिबेलने वाढतो. तितकाच गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, कमी केला की आवाज पूर्वीइतका राहतो आणि पंखा व कळा निदान सहाने खाली जातात. श्वासाला मात्र याचा उपयोग नाही, कारण तो त्याच तोंडातून येतो आणि आवाजाबरोबरच जवळ येतो. बाजूला ठेवण्याचे कारण हेच, की हवेचा झोत तरी माईकवर आदळू नये.

पाटपाणी
मला मुळात हा आग्रहच पटत नाही. मी अंध वाचकांसाठी पुस्तके वाचून मुद्रित करते. श्वास पूर्ण कापला की दोन वाक्यांमध्ये विहिरीसारखी पोकळी तयार होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की मुद्रणच थांबले. मी गेटऐवजी एक्स्पांडर वापरते. तो थ्रेशोल्डखालचा आवाज बंद करत नाही, फक्त आणखी खाली ढकलतो. श्वास राहतो, पण मागे राहतो. चुकून एखादा "त" त्याच्या तावडीत सापडला, तरी तो पुसट होतो, नाहीसा होत नाही.

गच्चीवरचा
पुस्तकासाठी ते ठीक असेल, पण खेळताना माझी कळ ऐकू आली तर लोक लगेच टोमणे मारतात. पूर्ण बंदच बरे. तारवाले यांच्या सांगण्यावरून Attack दहा केला. ती जी बारीक टकटक मी कळफलकाची समजत होतो, ती गेली. मग ती गेटचीच होती म्हणायची.

डबा_झाला_का
पोळ्या झाल्या. माझा प्रश्न लहान आहे: माझ्या मुद्रणात प्रत्येक कळेबरोबर "खट्" नंतर पंख्याचा "फुस्स" असा एक तुकडा ऐकू येतो, जणू कोणी खिडकी उघडून लगेच मिटते आहे. सासूबाई म्हणतात की संगणकाला दमा झाला आहे.

तारवाला
सासूबाईंचे निदान उत्तम आहे. कळ उघडण्याच्या आकड्याला स्पर्श करते, दार उघडते, आणि कळ क्षणात संपली तरी `Hold` व `Release` मिळून एक तृतीयांश सेकंदभर दार उघडे राहते. तेवढ्यात पंखा आत डोकावतो. उघडण्याचा आकडा दोन-तीन डेसिबेल वर न्यावा. `Hold` कमी करून हे झाकू नये, नाहीतर शाईदौतताईंच्या "साठ" ची गत होईल.

शाईदौत
माईक दांडीवर घेतला, गेन सहाने कमी केला. कळा आता उणे ४३, स्पेसबार उणे ३९, श्वास जवळपास होता तिथेच. उघडण्याचा आकडा उणे ३४, मिटण्याचा उणे ४१, `Hold` २००, `Release` १५०, Attack १० असे ठेवून "सात, साठ, वीस, आहेत, व्याज, हात" ही ओळ आधी नेहमीच्या आवाजात आणि मग दिवसाअखेरच्या थकलेल्या आवाजात मुद्रित केली. नेहमीच्या आवाजात सर्व शेवट शाबूत आहेत. थकलेल्या आवाजात "व्याज" ची सुरुवातच हरवते, म्हणून उघडण्याचा आकडा उणे ३६ वर आणला. स्पेसबारपासून तीनच डेसिबेल उरले आहेत, पण अजून तरी तो दार उघडत नाही. वाक्य संपताच घेतलेल्या श्वासाचा पहिला तुकडा मात्र `Hold` च्या आडोशाने अजूनही ऐकू येतो.

तारवाला
तो तुकडा गेटने जाणार नाही. `Hold` १६० पर्यंत आणून पाहा, त्याखाली "ठ" धोक्यात येईल. आणखी एक पाहून घ्यावे. ओबीएस फिल्टर वरून खाली चालवतो. गेटच्या वर कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठे आवाज एका पातळीजवळ आणणारा फिल्टर, किंवा गेन बसला असेल, तर श्वास आणि कळा आधीच फुगून येतात आणि आपण मोजलेले सगळे आकडे चुकतात. गेट वर, कॉम्प्रेसर त्याच्या खाली.

पाटपाणी
आणि बोलता बोलता टंकलेल्या कळांचे काय? दार तर तेव्हा उघडेच असते.

तारवाला
त्या राहतात. सूत्र आधी बोलून मग टंकावे, आणि मध्ये अर्धा सेकंद जाऊ द्यावा, एवढेच गेट वापरणाऱ्याच्या हातात आहे.

शाईदौत
अर्धा सेकंद थांबले की विद्यार्थी विचारतात, "मॅडम, नेट गेले का?"

मोगरा
मूळ ध्वनीचा पर्याय सापडला, तानपुरा आता लाजत नाही. परंतु शेजारच्यांचा कुत्राही तितकाच स्पष्ट ऐकू येऊ लागला आहे. त्याच्यासाठी काही करता येते का?