मदत हवी आहे: व्हिडिओ किती मिनिटांचे करू? मुलं अर्ध्यातच सोडतायत

त्रिज्या
नमस्कार. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. माझा सशुल्क कोर्स आहे, 999 रुपये, 61 मुलांनी घेतलाय. आधी 45-50 मिनिटांचे तास रेकॉर्ड केले होते. मुलं बघेनात, पालकांचे फोन यायला लागले. मग कुठेतरी वाचलं की सहा मिनिटांच्या वर कुणी बघत नाही. दिवाळीच्या सुट्टीत फराळसुद्धा न करता सगळ्याचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडले, प्रत्येकाच्या शेवटी मिनिटभर उजळणी जोडली. आता 140 व्हिडिओ झालेत आणि हाल आधीपेक्षा वाईट. चार मिनिटांचे करू का? उजळणी काढून टाकू का? लवकर सांगा, पुढचं प्रकरण रविवारी रेकॉर्ड करायचंय.

रानवारा
कुठली परीक्षा, कुठला विषय, काहीच लिहिलं नाहीत. एमपीएससी असेल तर सांगतो, चालू घडामोडींना तीन मिनिटं पुष्कळ होतात. मी स्वतः जेवताना बघायचो.

त्रिज्या
दहावी हो! आपलं बोर्ड, भूमिती, मराठी माध्यम. आयडीवरून कळेल असं वाटलं.

झणझणीत
मग चारच करा, बिनधास्त. सहा मिनिटांचा नियम संशोधनातून सिद्ध झालाय आणि ते संशोधन जुनं आहे. आताची पोरं रील बघून वाढलेली. मी तर म्हणतो तीन. माझ्या गिटारच्या चॅनेलवर अडीच मिनिटांचे व्हिडिओ सगळ्यात जास्त चालतात.

मृण्मयी_स
माइक कोणता वापरता? आवाज घुमत असेल तर दोन मिनिटंसुद्धा कुणी ऐकणार नाही. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या आणि खोलीत मागे जाड गोधडी टांगा. फरक लगेच कळेल.

त्रिज्या
आवाज चांगला आहे. प्रश्न आवाजाचा नाही.

फळा_आणि_डस्टर
झणझणीत, तो ‘नियम’ जिथून आलाय ते सांगतो. 2014 साली एडएक्सच्या चार कोर्सेसचा अभ्यास झाला. व्हिडिओ पाहिल्याच्या 69 लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी माणसं साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात, असं दिसलं. पण ते कोर्स फुकट होते, बघणारे बहुतेक मोठे, आणि मोजलं काय, तर किती वेळ पाहिलं. किती समजलं हे मोजलंच नव्हतं. दहावीच्या मुलाला मार्चमध्ये पेपर आहे आणि बापाने 999 रुपये भरलेत. त्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

त्रिज्याताई, मी 22 वर्षं भूमिती शिकवतोय, त्यातली शेवटची पाच कॅमेऱ्यासमोर. दोन गोष्टी सांगा. तुकडे पाडताना कात्री नेमकी कुठे लावलीत? आणि उजळणीच्या मिनिटात पडद्यावर काय असतं?

त्रिज्या
कात्री सहा मिनिटं झाली की जवळचं वाक्य संपेल तिथे. उजळणीत मी मुख्य मुद्दे परत सांगते, पडद्यावर प्रमेयाचं विधान असतं.

कोकणी_मेवा
ताई, माझा भाचा दहावीला आहे, मालवणला असतो. कोर्स चांगला वाटतोय. फी थोडी कमी होईल का?

फळा_आणि_डस्टर
म्हणजे अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयात पक्ष, साध्य एका व्हिडिओत आणि सिद्धता दुसऱ्यात गेली असणार. आकृती मागच्या व्हिडिओत राहिली. मुलगा दुसरा व्हिडिओ उघडतो, तिथे दोन समद्विभुज त्रिकोणांची चर्चा चाललेली असते आणि त्रिकोण कुठले तेच त्याला आठवत नाही. तो बंद करणारच.

घड्याळाकडे बघून कापू नका. एक व्हिडिओ म्हणजे त्यानंतर मुलाला वहीत करता येईल असं एक काम. वर्तुळाचंच घ्या. पहिला व्हिडिओ फक्त कोन कोणता कंस अंतर्खंडित करतो हे ओळखण्याचा. यात सिद्धता नाही, विधानसुद्धा नाही. पाच आकृत्या द्या, मुलाने कंस पेन्सिलने गिरवायचा. चार मिनिटांत संपेल. दुसरा व्हिडिओ प्रमेय, पक्षापासून सिद्धतेपर्यंत अखंड. माझा अकरा मिनिटांचा आहे आणि मुलं तो शेवटपर्यंत बघतात, कारण मध्ये दोनदा मी थांबतो आणि पुढची ओळ त्यांना लिहायला सांगतो. तिसरा व्हिडिओ गणितं, सात-आठ मिनिटं.

झणझणीत
अकरा मिनिटं! सर, तुम्ही समोर छडी घेऊन बसता काय?

फळा_आणि_डस्टर
नाही, हातात पेन असतं. कागद दिसतो, मी दिसत नाही. चेहऱ्याचं आकर्षण नसल्यामुळेच बहुधा टिकत असतील.

आईबाबा_दोघेही_मीच
मी शिक्षिका नाही, दहावीच्या मुलाची आई आहे. आमच्याकडे फोन एकच, माझा. मी साडेसातला कामावरून येते, मग तो आठ ते नऊ त्याच्याकडे. कुठल्याशा कोर्सचे छोटे व्हिडिओ घेतले होते. प्रत्येकाच्या सुरुवातीला संगीत, बाईंची ओळख, ‘मागच्या भागात आपण पाहिलं’, शेवटी परत उजळणी. सहातली साडेतीन मिनिटं शिकवणं. तासाभरात आठ व्हिडिओ बघून मुलगा म्हणतो, सगळं कळलं. वही कोरी. त्याला आठ व्हिडिओ नको होते, तासाभरात बसेल इतका एक धडा हवा होता.

त्रिज्या
हे वाचून जरा लाज वाटली. माझ्याकडेही सुरुवातीला वीस सेकंदांचं संगीत आहे.

रानवारा
ते आधी उडवा. पण उजळणी शेवटीच हवी असं माझं मत. ताजं असतं तेव्हा पक्कं होतं. मी एमपीएससीला प्रत्येक पानाखाली सारांश लिहायचो.

फळा_आणि_डस्टर
सारांश तुम्ही *लिहायचात*. इथे बाई सांगतात आणि मुलगा ऐकतो. ऐकताना ओळखीचं वाटतं, तेवढ्यावर मुलगा ‘येतं’ म्हणतो. 2006 सालचा रोडिगर आणि कार्पिकी यांचा प्रयोग आहे. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. न बघता आठवून लिहिणारे दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पुढे गेले. आपली चाचणी मार्चमध्ये आहे.

म्हणून शेवटची उजळणी काढा आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या व्हिडिओच्या तोंडाशी एक कोरी आकृती ठेवा. मी काय देतो बघा. वर्तुळात 110 अंशांचा लघुकंस. एक बिंदू विशालकंसावर, एक लघुकंसावर. दोन्ही बिंदूंपाशी, कंसाच्या टोकांना जोडून होणारे कोन काढा. व्हिडिओ थांबवून दोन मिनिटं वहीत. पहिला 55, तो सगळ्यांना येतो. दुसऱ्यालाही निम्मी मुलं 55 लिहितात, कारण त्यांना ‘कंसाच्या निम्मा’ हे पाठ आहे पण कोणता कंस ते बघायचं राहतं. तो कोन समोरचा 250 अंशांचा कंस अंतर्खंडित करतो, म्हणून 125. मग विचारतो, 55 आणि 125 ची बेरीज करा. 180 आले की चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांचं प्रमेय अर्धं त्यांनीच शोधलेलं असतं. त्या दिवसाचा धडा तिथूनच सुरू. उजळणीला वेगळा वेळ लागलाच नाही.

त्रिज्या
हे कालच कुणी सांगायला हवं होतं. पण मग आठवड्याची उजळणी? मी दर रविवारी प्रकरणाचा सारांश देते, 25 मिनिटं.

फळा_आणि_डस्टर
प्रकरणाचा सारांश नको, मिसळ द्या. कुठल्या प्रकरणातलं आहे ते न सांगता चार गणितं. उदाहरण: त्रिज्या 5 सेमी, केंद्रापासून 13 सेमीवरच्या बिंदूतून स्पर्शिका काढली, स्पर्शिकाखंड किती? वर्तुळाच्या धड्यानंतर लगेच दिलं तर येतं. महिन्याने, आकृती न देता दिलं की मुलं अडतात, कारण स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाने काटकोन मिळतो आणि मग दुसऱ्या प्रकरणातला पायथागोरस लावायचा, ही जोडणी त्यांची त्यांना सुचत नाही. 12 आलं नाही तर कुठे अडलं ते वहीवर दिसतं: आकृतीच चुकली, की काटकोन दिसला नाही. पेपरात प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं.

सदू_गणपुले
सगळं ठीक, पण सर, तुम्ही सिद्धतेवर फार भर देताय. पेपर 40 गुणांचा. कमकुवत मुलाला पहिला प्रश्न आठ गुणांचा आणि दुसरा 12 चा, एवढं पक्कं करून द्या, तो सुटला. कृती पूर्ण करायच्या प्रश्नात सिद्धतेच्या रिकाम्या चौकटी भरायच्या असतात, अख्खी सिद्धता लिहायची नसते. अकरा मिनिटांचा व्हिडिओ त्या मुलासाठी नाहीच.

फळा_आणि_डस्टर
चौकटी भरायला सिद्धतेचा क्रम माहीत लागतो.

सदू_गणपुले
लागतो, पण लिहिता येणं लागत नाही. मी दोन वाटा ठेवतो. चौकटीवाला चार मिनिटांचा व्हिडिओ सगळ्यांना, पूर्ण सिद्धता ज्याला हवी त्याला.

फळा_आणि_डस्टर
दोन वाटा केल्या की 61 पैकी 50 जण सोपी धरतात. माझा अनुभव.

सदू_गणपुले
माझा उलटा आहे. असो.

मृण्मयी_स
अवांतर: वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर जीएसटीची नोंदणी नको ना? माझी बहीण संस्कृत सुरू करतेय.

सदू_गणपुले
सेवेसाठी साधारण तसंच, पण राज्याबाहेरची मुलं, अॅपचं कमिशन वगैरे सीएला विचारा. वेगळा धागा काढा.

त्रिज्या
(पुढच्या मंगळवारी)
रविवारी वर्तुळाचा भाग नव्याने केला. संगीत काढलं. नऊ तुकड्यांचे चार व्हिडिओ झाले: 4, 10, 7 आणि 6 मिनिटं. सोमवारी 110 अंशांची आकृती दिली आणि वहीचा फोटो पाठवायला सांगितलं. 23 फोटो आले. 14 जणांनी दोन्हीकडे 55 लिहिलंय. सर, तुम्ही म्हणालात निम्मी, माझी त्याहून जास्त.

अॅपमधला आलेख पाहिला. दहा मिनिटांच्या व्हिडिओत पाचव्या मिनिटाला उंचवटा आहे, म्हणजे बरेच जण तिथेच मागे जाऊन परत बघतायत. तिथे मी दूरस्थ आंतरकोनाचं प्रमेय एका वाक्यात उरकलंय. ते नववीचं आहे, येत असेल असं धरलं होतं.

फळा_आणि_डस्टर
तो व्हिडिओ लांबवू नका. नववीचं ते प्रमेय दोन मिनिटांत वेगळं करून आधी ठेवा. आणि 14 जणांना उत्तर सांगू नका, पहिल्या व्हिडिओकडे परत पाठवा, कंस गिरवायला.

त्रिज्या
करते. पण 19 मुलांनी दिवाळीपासून एकही व्हिडिओ उघडलेला नाही. त्यांचं काय?

आईबाबा_दोघेही_मीच
घरी फोन करा. मुलाला नाही, ज्याच्या हातात फोन असतो त्याला. किती वाजता मोकळा असतो तेवढंच विचारा.

झणझणीत
किंवा तीन मिनिटांचे करा.

कोकणी_मेवा
ताई, भाच्याचं राहिलंच.