शेवटपर्यंत चाललेला व्हिडिओ कुणी पाहिला?

केतन (मूळ पोस्ट): आमच्या क्लायंटच्या व्हिडिओचा कम्प्लिशन रेट ३० टक्के! मराठी प्रेक्षकाला धीर नाही म्हणणाऱ्यांनी आता गप्प बसावं.

अनुराधा: तीस टक्के कशाचे? समजा व्हिडिओ १०,००० वेळा फीडमध्ये समोर आला, २,००० वेळा तीन सेकंद टिकला आणि ६०० वेळा शेवटपर्यंत गेला. २,००० ने भागा, ३० टक्के येतात. १०,००० ने भागा, ६ येतात. पूर्वी प्ले दाबणारा बघायचं ठरवूनच यायचा. आता व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि तीन सेकंदांची चाळण लावली की अंगठ्याने वर सरकवणारे सगळे हिशेबातून गळतात. २०१६ साली फेसबुकची सरासरी पाहण्याची वेळ फुगलेली निघाली, ती याच कारणाने: तीन सेकंदांच्या आत गेलेले लोक भाजकात धरलेच नव्हते. तरी आजही रिपोर्टात भाजक लिहीत नाहीत. चीड येते.

केतन: फेसबुकचं पाप आमच्या माथी मारू नका. आमचे थ्रूप्लेही, म्हणजे शेवटपर्यंत किंवा निदान पंधरा सेकंद चाललेले प्ले, उत्तम आहेत.

अनुराधा: व्हिडिओ केवढा आहे? बारा सेकंदांचा असेल तर थ्रूप्ले म्हणजे शेवट. साठ सेकंदांचा असेल तर पंधराव्या सेकंदालाच मोजला जातो, म्हणजे पाव भागच. दोन्ही एका रकान्यात घालून तुलना कशी करता?

मसालेवाले काका: आमचंही ऐका. एका एजन्सीने आमच्या गोडा मसाल्याची जाहिरात केली. बाईंच्या गोड आवाजात शेवटी फोन नंबर सांगितला, पडद्यावर फक्त फोडणी. रिपोर्टात "शेवटपर्यंत पाहणारे भरपूर", फोन मात्र एकही नाही. मग नंबर सुरुवातीलाच अक्षरांत टाकला, तेव्हा फोन यायला लागले. आवाजावर पैसे घालवूच नका.

अनुराधा: काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष घाईचा. नंबर अक्षरांत आला तसा पुढेही आला. दोन बदल एकदम झाले. एक ऑफर कोड फक्त बोलून द्या, दुसरा फक्त लिहून, दोन्ही एकाच सेकंदाला. कुठला कोड परत येतो त्यावरून ऐकणारे किती ते कळेल.

शलाका: लिहून म्हणताय, पण ती ऑटो सबटायटल बघितलीत? "पाणी"चं "पानी", जोडाक्षरं तुटलेली, आणि खालची ओळ बटणांखाली झाकलेली! आवाज बंद असेल तर तीच माझी भाषा. त्यावर कुणी बोलत नाही.

केतन: मराठी टायपिंगला वेगळा माणूस लागतो, क्लायंट पैसे देत नाही.

शलाका: मग "पूर्ण पाहिलं" म्हणून बिल कशाचं लावता?

केतन: आवाज नीट घालणारा माणूसही फुकट येत नाही, ताई. बरं, भाजक लिहीन पुढच्या रिपोर्टात. पण न ऐकता वाचून शेवटपर्यंत थांबलेला माणूस मी पूर्णच धरणार.

अनुराधा: वाचत थांबलेला धरा, हरकत नाही. फोन टेबलावर ठेवून चहा करायला गेलेलाही तुमच्या ६०० मध्ये आहे, त्याला वेगळा कसा काढणार?