मदत हवी आहे: एक्सेलमधला तक्ता चित्र म्हणून वर्डमध्ये टाकायचाय, स्क्रीनशॉटमध्ये रेषा आणि आकडे बिघडतात

खाडीकाठची
देवगड तालुक्यातल्या आमच्या गावातले काही बागायतदार मिळून एकाच गाडीने आंबा वाशीला पाठवतात. दर आठवड्याच्या पट्ट्यांचा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवते. तारीख, बागायतदार, पेट्या, डझन, दर, भाडे, हमाली, अडत, निव्वळ असे नऊ रकाने आणि साधारण तीस ओळी असतात. हा तक्ता वर्डमधल्या पत्रात घालून छापायचा आणि फलकावर लावायचा, एवढंच माझं काम.

आत्तापर्यंत स्क्रीनशॉट काढून चिकटवत होते. छापल्यावर अक्षरांच्या कडा पुसट येतात, आणि रकान्यांमधल्या फिकट रेषा कुठे दिसतात तर कुठे गायब होतात. गेल्या आठवड्यात एका काकांनी ६८ पेट्यांच्या ६३ वाचल्या. पाच पेट्या गेल्या कुठे म्हणून ते घरी आले. मूळ शीट उघडून दाखवल्यावरच त्यांचं समाधान झालं. माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचा आकडा आहे, तो नीट वाचता आलाच पाहिजे.

तक्ता म्हणूनच पेस्ट केला तर वर्ड रकान्यांची रुंदी बदलतं आणि नावं दोन ओळींत तुटतात. रेषांसकट स्वच्छ चित्र मिळवायचा काही मार्ग आहे का? विंडोज लॅपटॉप आहे, पडदा १३६६ × ७६८.

मालवणी_झील
ताई, सोप्पा आसा. एक्सेलचो झूम २०० करा आणि मग स्क्रीनशॉट काढा. मी तसाच करतंय, अक्षरां एकदम ठळक येतत.

खाडीकाठची
करून पाहिलं रे. अक्षरं सुधारली, पण २०० वर निम्मेच रकाने पडद्यावर मावतात. दोन तुकडे जोडायला गेले तर ओळी वरखाली होतात.

जुना_कारकून
झीलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झूम वाढवला की ठिपके वाढतात, पण पडद्याची मर्यादा काही हटत नाही. तुमचा तक्ता पडद्यावर समजा ९४० ठिपके रुंद आहे. ए-४ कागदावर तो १७ सेंटीमीटरमध्ये, म्हणजे सुमारे ६.७ इंचांत बसवला की इंचाला जेमतेम १४० ठिपके मिळतात. प्रिंटर ६०० ठिपके उमटवू शकतो, पण त्याला द्यायला तुमच्याकडे १४०च आहेत. शिवाय रेषा पडद्यावर एकच ठिपका जाड असते. चित्र थोडं लहानमोठं केलं की एखादी रेषा दोन ठिपक्यांमध्ये विरघळते. तुमच्या रेषा जातात त्या अशा.

एक्सेलमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. तक्ता निवडा, `Home` मध्ये `Copy` च्या शेजारचा छोटा बाण दाबा आणि `Copy as Picture...` घ्या. छोटी खिडकी उघडेल. तिथे `As shown on screen` आणि `Picture` निवडून ओके करा आणि वर्डमध्ये Ctrl+V. हे चित्र ठिपक्यांचं नसतं. रेषा आणि अक्षरं कुठे नि कशी काढायची याची नोंद त्यात असते, त्यामुळे कागदावर प्रिंटर ती आपल्या पूर्ण ताकदीने काढतो.

मात्र अशा चित्रात पडद्यावरची फिकट राखाडी रेषाच येते, ती छापल्यावरही फिकटच. फलकावर लांबून वाचायचं असेल तर आधी `Page Layout` मध्ये जाऊन `Gridlines` खालच्या `Print` वर खूण करा आणि मग `As shown when printed` घ्या. रेषा गडद येतील. तिथे `Picture` की `Bitmap` हे विचारतच नाही, दोन्ही पर्याय मंद होतात. घाबरू नका, ते तसंच असतं.

अलिबागची_सून
मलाही हाच त्रास आहे! आमच्या होमस्टेचं दरपत्रक मी मोबाईलवर गूगल शीटमध्ये करते आणि व्हॉट्सॲपवर पाठवते. पाहुणे म्हणतात, धूसर दिसतं. पण मला ते `Copy as Picture` कुठे सापडतच नाही.

जुना_कारकून
वहिनी, ती सोय संगणकावरच्या एक्सेलमधली आहे, गूगल शीटमध्ये नाही. तुमचा प्रश्नही वेगळा आहे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्याने धूसर होतं. शीटची पीडीएफ काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

खाडीकाठची
कारकूनकाका, शेवटी सांगितलेल्या पद्धतीने आत्ताच छापून पाहिलं. आकडे काय सुरेख आलेत! ८ आणि ३ हातभरावरून वेगळे कळतात. पण एकूणची शेवटची ओळ मी पिवळी केली आहे, फक्त तिथेच उभ्या रेषा नाहीत. बाकी सगळीकडे आहेत.

जुना_कारकून
रंग भरलेल्या घरात ग्रिडलाइन दिसत नाही आणि छापलीही जात नाही. पांढरा रंग भरला तरी हेच होतं, आणि ते तर लवकर लक्षातही येत नाही. मागे आमच्याकडे एकाने खाडाखोड झाकावी तसा पूर्ण शीटला पांढरा रंग दिला होता आणि दुपारभर रेषा शोधत बसला. त्या ओळीपुरत्या `Borders` मधून `All Borders` द्या. पांढरा रंग असेल तिथे `No Fill` करा.

मालवणी_झील
मग `Bitmap` कशाक ठेवलेलो आसा? मी तोच घेतलंय तर पेंटमध्ये झकास चिकाटलो.

जुना_कारकून
पेंटमध्ये शेवटी ठिपकेच लागतात, म्हणून तिथे तो चालतो. तुझा २०० चा झूमही तिथे खरा उपयोगी. `Bitmap` ने पडद्याबाहेरचे रकानेही येतात, तुकडे जोडायला नकोत. छापायच्या कागदासाठी मात्र नको.

रत्नागिरीचा_छापखाना
एक गोष्ट राहिली, आणि आपल्या मराठी मंडळींना तीच नडते. `Picture` प्रकारच्या चित्रात अक्षरं चित्र म्हणून नसतात, फॉन्टच्या नावासह मजकूर म्हणून असतात. आमच्याकडे एक गिऱ्हाईक अशी वर्डची फाइल घेऊन आलं. नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली. तो फॉन्ट आमच्या मशीनवर नाही, त्यामुळे रेषा एकदम धारदार आणि आत सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आकडे तेवढे शाबूत होते, म्हणून गिऱ्हाइकाला आधी काही कळलंच नाही.

ताई, तुम्ही छापायला बाहेर देत असाल तर वर्डची फाइल देऊ नका. तुमच्याच लॅपटॉपवर पीडीएफ करून द्या. एरवी त्यात फॉन्ट सोबत जातो. तरी पेनड्राइव्ह काढण्याआधी एकदा उघडून पाहाच.

खाडीकाठची
मी मंगल वापरते, पण बागायतदारांची जुनी यादी दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे, तिचा फॉन्ट बघावा लागेल. बरं झालं सांगितलंत. आज घरच्या प्रिंटरवर छापलं म्हणून वाचले.

अजून एक विचारू? दर आठवड्याला हे सगळं परत करायचं का? शीटमधला आकडा बदलला की वर्डमधलं चित्र आपोआप बदलेल असं काही आहे का?

जुना_कारकून
या चित्राचा शीटशी काही संबंध उरत नाही, ते त्या क्षणाचं असतं. साधं `Copy` करून वर्डमध्ये `Paste Special` मधून `Paste link` घेता येतं, मग शीटबरोबर बदलतं. पण एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की दुवा तुटतो. हिशोबाच्या कागदाला मी तरी ते वापरत नाही. लावलेल्या कागदावर कोणत्या तारखेचे आकडे आहेत हे पक्कं असलेलं बरं.

रत्नागिरीचा_छापखाना
इथे माझं मत वेगळं आहे. फोल्डर एकच ठेवला तर दुव्याने दर आठवड्याचं काम वाचतं. रेषा कशा येतात ते मात्र ताईंनीच एकदा छापून बघावं.

खाडीकाठची
पुढची गाडी शनिवारी भरते आहे. तोवर दोन्ही करून बघते आणि इथेच लिहिते.